अर्धे शेअर्स घेऊन भागीदार निघून गेला तर?

"मी आणि माझा कॉलेजातला मित्र, दोघांनी निम्मे-निम्मे शेअर्स घेऊन प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. करार करू म्हटलं तर त्याला वाटेल, याचा माझ्यावर भरवसा नाही. पण उद्या तो नोकरीला निघून गेला तर शेअर्स त्याच्याकडेच राहतील का?"

राहतील. नावावर चढलेला शेअर ही मालमत्ता आहे, आणि काम सोडलं म्हणून मालमत्ता सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी असेच दोघं नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या ऑफिसात आले होते. संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. एक यंत्र पाहायचा, दुसरा कळमन्याच्या व्यापाऱ्यांना विकायचा. दहा रुपयांचे ५,००० शेअर्स प्रत्येकाकडे. कंपनी नोंदवून तीन महिने झाले होते. विक्री पाहणारा म्हणाला, "सर, आमच्यात कागद कायले पाहिजे?" मी विचारलं, "तुला पुण्यात दुप्पट पगार मिळाला तर?" तो हसला. यंत्रवाला हसला नाही.

आम्ही करारात व्हेस्टिंगचं कलम घातलं. शेअर्स आधीच दिलेले होते, म्हणून ते उलट बाजूनं लिहावं लागतं: शेअर्स नावावर राहतील, मताचा हक्कही राहील, पण ते ४८ महिन्यांत थोडे थोडे 'पिकतील'. पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच पिकणार नाही, वर्ष पूर्ण झालं की एकदम चौथा हिस्सा, त्यानंतर महिन्याला एक अठ्ठेचाळिसांश. जो जाईल त्यानं न पिकलेले शेअर्स दर्शनी किमतीला दुसऱ्याला द्यायचे. पिकलेले त्याचेच; विकायचे झाले तर आधी भागीदाराला विचारायचं, आणि किंमत नोंदणीकृत मूल्यांककानं ठरवायची.

नुसत्या करारावर मात्र मी थांबत नाही. शेअर हस्तांतरणावरचं बंधन कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक नसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं रंगराज प्रकरणात १९९१ मध्ये सांगितलं. म्हणून विशेष ठराव करून तीच कलमं आर्टिकल्समध्ये घातली आणि ठराव कंपनी निबंधकाला कळवणारा एमजीटी-१४ फॉर्म तीस दिवसांत भरला. मोठमोठे करार करणारे लोकही हे विसरतात, तेव्हा आश्चर्य वाटतं. शेअर हस्तांतरणाचा एसएच-४ फॉर्म आधीच सही करून ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण तो सहीच्या तारखेपासून साठ दिवसांत कंपनीकडे द्यावा लागतो. त्याऐवजी दोघांनी एकमेकांना मुखत्यारपत्र दिलं.

पन्नास-पन्नासची कोंडी वेगळी. दुसऱ्या यंत्रासाठी कर्ज घ्यायचं की नाही यावर दोघं अडले. ठराव होईना. कराराप्रमाणे आधी पंधरा दिवस आपसात बोलायचं, मग दोघांनाही मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्या कारखानदाराकडे जायचं होतं. तिथेच ते मिटलं. एकानं भाव सांगायचा आणि दुसऱ्यानं त्याच भावानं घ्यायचं किंवा विकायचं, हे शेवटचं कलम वापरायची वेळ आली नाही. ते मी पहिली दोन वर्षं बंदच ठेवलं होतं. ज्याच्या घरी पैसा आहे तो या कलमानं दुसऱ्याला स्वस्तात बाहेर काढू शकतो, आणि इथे एकाच्या घरी होता.

अठराव्या महिन्यात विक्री पाहणारा खरंच पुण्याला गेला. त्याचे १,८७५ शेअर्स पिकले होते, उरलेले ३,१२५ यंत्रवाल्याकडे आले. आता याच्याकडे ८१.२५ टक्के आणि त्याच्याकडे १८.७५ टक्के. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे गेलेला माणूस ठराव अडवू शकत नाही. पण दहा टक्क्यांच्या वर असल्यानं अन्याय झाला तर कंपनी न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. मला ही वाटणी रास्त वाटते. करार नसता तर ५,००० शेअर्सवाला पुण्यात बसून यंत्रवाल्याचा प्रत्येक ठराव अडवू शकला असता.

अडचण करात आली. पुस्तकी हिशोबानं शेअरची किंमत नव्वद रुपये निघाली होती आणि व्यवहार दहा रुपयांत होत होता. ऐंशी गुणिले ३,१२५, म्हणजे अडीच लाख रुपये घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जाणार, आणि देणाऱ्याच्या भांडवली नफ्याचा हिशोबही नव्वद रुपयांनीच होणार. करार करतानाच सीएला बसवून हा बोजा कोणी उचलायचा ते लिहून घ्यावं. यांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला.

आणखी दोन गोष्टी त्या आठवड्यात उरकल्या. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात, त्यामुळे राजीनामा घेण्याआधी यंत्रवाल्याच्या बहिणीला संचालक नेमलं. आणि कर्जावर जाणाऱ्याची वैयक्तिक हमी होती. राजीनाम्यानं ती सुटत नाही. बँकेनं बहिणीची हमी घेऊन त्याला मुक्त केल्याचं पत्र दिलं, तेव्हाच त्यानं शेअर्सच्या कागदावर सही केली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.