एसटी लागते अन् डोकंही ठणकते

‘ताई, मले लहानपणापासून एसटी लागते. आता चार वर्षांपासून अर्धं डोकंही दुखते, डॉक्टर मायग्रेन म्हणतात. गाडीतून उतरलं का मळमळ थांबते, पण डोकं रात्रीपर्यंत ठणकते. हे दोन दुखणे हायेत का एकच? सासूबाई म्हणतात, मनाचं हाये. पुढच्या महिन्यात धारणीहून अमरावतीले परीक्षेले जायचं हाये. काय करू?’

दुखणी दोन, पण मुळाशी मेंदू एकच, फार लवकर बिथरणारा. हे मी विचारणाऱ्या बाईंना समजावून सांगितलं, पण त्याआधी मागच्या प्रवासाची हकीकत विचारली. आदल्या रात्रीपासून, तासातासाने. एकटी गाडी क्वचितच दोषी असते, म्हणून मी नेहमी आधी तेच विचारते.

आदल्या रात्री अभ्यास करून त्या बारा वाजता झोपल्या आणि पहाटेच्या गाडीसाठी चारला उठल्या. उलटी नको म्हणून पोटात काही घातलं नाही, चहासुद्धा टाळला. स्टँडवर पोचायला उशीर झाला, जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. हरिसाल येईपर्यंत मोबाइलवर नोट्स वाचल्या. सेमाडोहच्या अलीकडे जांभया आणि तोंडाला पाणी सुटायला लागलं, घटांगच्या वळणांवर उलटी झाली. परतवाड्याला डावी कानशील ठणकायला लागली, तेव्हा डोकेदुखीची गोळी घेतली. तीही थोड्या वेळाने बाहेर पडली.

मी विचारलं, जांभया कधीपासून येत होत्या? त्या म्हणाल्या, ‘त्या तं आदल्या संध्याकाळपासूनच. मानही आखडली होती.’ म्हणजे मायग्रेनची पूर्वसूचना घरातच मिळाली होती. गाडीने फक्त पुढचं काम केलं.

आता याचं कारण. गाडी लागते ती कान, डोळे आणि अंग यांचं म्हणणं जुळत नाही म्हणून. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, उसळतोय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. तोलाचे संदेश मेंदूच्या बुडाशी जिथे पोचतात, तिथून जवळच डोक्या-चेहऱ्याच्या वेदना वाहून आणणाऱ्या नसेचं केंद्र आहे, आणि दोघांचेही धागे मळमळ-उलटीच्या यंत्रणेला जोडलेले आहेत. मायग्रेनवाल्यांमध्ये हा सगळा भाग अतिसंवेदनशील असतो. एकीकडे चाळवलं की दुसरीकडे जागं होतं.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायग्रेन असलेल्या लोकांना फिरणाऱ्या पट्ट्यांकडे बघायला लावून मळमळ आणली आणि त्याच वेळी कानशिलावर बर्फ ठेवला. बर्फाच्या दुखण्यामुळे त्यांची मळमळ आणि डोकेदुखी, दोन्ही वाढलं. म्हणून सासूबाईंना सांगा, हे मनाचं नाही. मात्र ‘आता होणार, आता होणार’ या भीतीने मळमळ लवकर सुरू होते, एवढं त्यांचं खरं आहे.

त्यांच्या उपाशी प्रवासातून आमच्या भागातली सगळ्यात चुकीची समजूत दिसते: उपाशी निघालं की उलटी होत नाही. उपास हे मायग्रेनला जागं करणारं एक जुनं कारण आहे, आणि रिकामं पोट मळमळही थांबवत नाही. तासभर आधी अर्धी-एक पोळी किंवा भाकर, सोबत साधं वरण किंवा केळं, एवढं पुरे. स्टँडवरचे तर्री पोहे मात्र परतीपर्यंत राहू द्या. वाटेत मुरमुरे चघळायचे, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट-घोट घ्यायचं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर डोकं दुखायला तेवढंच पुरतं.

जागेचं आम्ही कागदावर बस काढून ठरवलं. चाकांवर आणि मागच्या बाकावर हेलकावे जास्त, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, त्यातही पुढून तिसरी-चौथी रांग घ्यायची. अगदी ड्रायव्हरच्या मागे बसलं तर आडोसा येतो, समोरचा रस्ता दिसत नाही, आणि तो दिसणं हाच तर फायदा. डोकं सीटला टेकवून नजर लांबच्या वळणावर ठेवायची. जवळची झाडं पळताना बघायची नाहीत. घाटात सागाच्या फांद्यांमधून ऊन-सावलीची उघडझाप होते, ती मायग्रेनला सोसत नाही. तेवढ्या पट्ट्यात डोळे मिटावेत, किंवा टोपी पुढे ओढावी. सकाळी अमरावतीकडे जाताना ऊन डाव्या बाजूने येतं, म्हणून उजवीकडची खिडकी बरी. शेजारी तंबाखूचा खर्रा घोटणारा असला तर खिडकी उघडा किंवा जागा बदलून मागा. वासाचं तुमच्यासाठी नुसतं नावडणं नसतं, तो झटका आणू शकतो. कुणी लिंबू हुंगतात. बरं वाटत असेल तर जरूर हुंगा.

बडनेऱ्याहून रेल्वेने जाणं झालं तर तुलनेने सुख. वळणं सावकाश येतात, गचके कमी. गाडी ज्या दिशेने चालली तिकडे तोंड करून बसा. बर्थ असेल तर सरळ पाठीवर झोपून डोळे मिटा, हा उपाय बसमध्ये मिळत नाही. पुस्तक आणि मोबाइल दोन्हीकडे बंद.

गोळीबाबत मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेला क्रम त्यांना समजावणं माझं काम होतं. गाडी लागू नये म्हणून दिली जाणारी प्रोमेथाझिनसारखी गोळी निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. ती गुंगी आणते, म्हणून परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा घेऊ नये, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी करून बघावी. गरोदर असाल, काचबिंदू असेल किंवा गाडी चालवायची असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. गावात मेडिकलवर सर्रास मिळणारी ऑन्डान्सेट्रॉन इतर उलट्यांवर चांगली असली तरी गाडी लागण्यावर फारशी चालत नाही.

मायग्रेनची गोळी उलट, दुखायला लागताच घ्यायची. झटका पुढे गेला की जठराचं काम मंदावतं, गोळी पोटात पडून राहते. साध्या डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त लागू लागल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं, म्हणून कॅलेंडरवर खूण करत राहा.

आधी त्यांनी परतवाड्यापर्यंत एक फेरी केली, दिवसाच्या गाडीने, बहिणीला सोबत घेऊन. मग परीक्षेच्या आदल्या दिवशीच त्या अमरावतीला गेल्या. त्या सकाळी पुरती झोप झाली होती, पोटात भाकर होती, उजवी खिडकी मिळाली. मळमळ घटांगच्या घाटात आली, उलटी झाली नाही. परतवाड्याच्या पुढे कानशील भरून आल्यासारखं वाटलं, गोळी लगेच घेतली, संध्याकाळी डोकं जड होतं, पण त्या जेवल्या. परीक्षेच्या दिवशी डोकं दुखलं नाही. परतीच्या गाडीत मात्र मागची जागा मिळाली आणि उलटी झालीच.

महिन्यात चारहून जास्त दिवस डोकं दुखत असेल तर झटकाच येऊ नये म्हणून रोजची औषधं असतात, ती विचारून घ्या. गाडीत नसतानाही खोली फिरल्यासारखी वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तोलाचं मायग्रेन असू शकतं. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, ताप आला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तर गाडी लागली म्हणून वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.