मुक्रर म्हणजे ठरलेलं की पुन्हा?

प्रश्न: ‘आमच्या चाळीच्या वार्षिक बैठकीची वेळ मी तीनदा बदलली. शेवटी ग्रुपवर लिहिलं, “मी क्षमस्व आहे. रविवार सकाळी १० ही वेळ मुक्रर. फायनल कमिटमेंट द्या.” त्यावर दादरचे एक काका म्हणाले, मुक्रर म्हणजे पुन्हा, ठरलेलं नव्हे. खरं काय?’

आधी ‘मी क्षमस्व आहे’ बंद करा, रोज ऐकून कान किटले. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, अर्थ ‘तू क्षमा कर’. म्हणजे तुम्ही लिहिलंत ‘मी तू क्षमा कर आहे’! नुसतं ‘क्षमस्व’ चालेल. ‘आहे’ हवंच असेल तर ‘दिलगीर आहे’.

आता काका. ते मुशायऱ्यात बसलेले दिसतात. तिथे शेर आवडला की ‘मुकर्रर’ अशी दाद येते, म्हणजे ‘पुन्हा म्हणा’. पण अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एकातला ‘क’ मागे पडजिभेपाशी उमटतो, त्या धातूचा अर्थ स्थिरावणं. करार, इकरार, बेकरार ही सगळी त्याच घरची मंडळी: बेकरार म्हणजे ज्याच्या जिवाला ठाव नाही तो. ‘ठरलेलं’ या अर्थाचा मुक्रर इथला. दुसऱ्यातला ‘क’ आपला साधाच, आणि धातूचा अर्थ परतणं, पुन्हा करणं. मुशायऱ्यातला मुकर्रर तिथला. मराठीने दोन्ही ‘क’ एकाच अक्षरात घातले आणि काकांचा घोटाळा झाला. मराठीत मात्र मुक्रर म्हणजे ठरलेलं. काका चुकले. त्यांना आवडणार नाही, इलाज नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्या दुसऱ्या धातूपासूनच ‘तकरार’ झाला, मूळ अर्थ पुनरावृत्ती. पुढे त्याचा अर्थ वाद झाला आणि मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणं. माझा तर्क असा, की एकच गोष्ट घोकणारा माणूस ऐकणाऱ्याला कटकट्याच वाटतो. हा निव्वळ माझा तर्क आहे, पण कोणत्याही सोसायटीच्या सभेत तासभर बसा, तुम्हालाही पटेल. तुमची वेळ तीनदा मुक्रर झाली, म्हणजे पहिल्या धातूतून निघून दुसऱ्यात शिरली, आणि तक्रार तर त्याच धातूच्या घरी राहते!

‘मुक्रर’ऐवजी ‘निश्चित’ लिहा असं सांगणारेही भेटतील. लिहा बापडे, पण ‘निश्चित’मध्ये ही गंमत कुठली?

हो, कमिटमेंटचं राहिलंच. ‘येणार की नाही, शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा’ एवढं पुरे. फक्त ‘नक्की प्रयत्न करतो’ असं उत्तर आलं तर ती खुर्ची मांडू नका. मुंबईत त्याचा अर्थ ‘नाही’ असाच असतो.