डायरीत 'सायनस' लिहू नकोस

तुझ्या डोकेदुखीच्या वहीचे फोटो पाहिले. दोन महिन्यांत 21 वेळा 'सायनस', 6 वेळा 'ॲसिडिटी' आणि एकदा नुसतं 'पुन्हा तेच'. आणि वर विचारतेस की यातून काही कळतंय का. नाही कळत गं, कारण तू डोकेदुखी लिहिलीच नाहीस, तिचं नाव लिहिलंस, आणि ते नावही तूच ठेवलेलं.

मी चिडून बोलतेय असं वाटेल, पण हाच उद्योग मी 9 वर्षं केलाय. गालात जड वाटायचं, नाक वाहायचं, म्हणजे सायनसच ना? वाफ घ्यायची, गोळी घ्यायची. मग एका डॉक्टरांनी विचारलं, दुखत असताना जिना चढलात तर वाढतं का? मला सांगता येईना! मायग्रेनमध्ये पण नाक वाहतं, चेहरा दाबल्यासारखा होतो, हे तेव्हा कळलं. त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं हे खरंय, पण माझ्या वहीत वर्णन असतं तर त्यांना आधीच दिसलं असतं.

म्हणून सांगते, नाव लिहू नकोस, काय झालं ते लिही. कधी सुरू झालं, कधी थांबलं, एका बाजूला की दोन्हीकडे, ठणकतंय की पट्टा आवळल्यासारखं. चालल्याने, वाकल्याने वाढतं का. मळमळ, उजेड, आवाज. आणि दुखण्याचा आकडा टाकण्यापेक्षा त्या वेळी तू काय करत होतीस ते लिही, म्हणजे काम चालू ठेवलंस, की हळूहळू केलंस, की अंधारात पडून राहिलीस. '10 पैकी 7' म्हणजे सोमवारी एक आणि शुक्रवारी वेगळं असतं, माझं तर असायचंच.

याने काय होतं बघ. गोळी न घेता 4 ते 72 तास टिकणारं, एका बाजूचं, ठणकणारं, हालचालीने वाढणारं, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज दोन्ही नकोसे, असं वारंवार दिसलं तर मायग्रेनकडे बोट जातं. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, सौम्य, फिरलं तरी न वाढणारं म्हणजे बहुतेक ताणाची डोकेदुखी. आणि पाऊण-एक तास एकाच डोळ्यामागे भयंकर दुखतंय, तो डोळा लाल होऊन पाणी येतंय आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतोय, तर ती क्लस्टर नावाची डोकेदुखी असू शकते.

आता गोळ्या. तुझ्या वहीत गोळी कुठेच नाही, आणि फोनवर म्हणालीस 'अधूनमधून घेते'. मी पण अधूनमधूनच घ्यायचे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक महिना मोजलं तर 17 दिवस डोकं दुखलेलं आणि 14 दिवस गोळी, तीही वेदनाशामक आणि कॅफीन एकत्र असलेली. त्या 17 पैकी 6 दिवस ठणका, उलटी, अंधारी खोली. उरलेले 11 दिवस सकाळी उठतानाच बोथट दुखणं, गोळीने चार तास बरं, मग परत तेच. म्हणजे 6 दिवस मायग्रेनचे आणि बाकीच्यांत गोळ्यांचाच हात असावा, कारण अशा मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक 15 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांच्या वर चाललं तर औषधामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळ्या नाही, गोळीचे दिवस मोजायचे. आणि आकडा मोठा आला तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस, सुरुवातीला दुखणं वाढतं, ते डॉक्टरांबरोबर ठरव.

हो, न दुखलेल्या दिवसापुढे शून्य टाक. रिकामी जागा म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे महिन्याने तुलाच आठवणार नाही. पाळीचे दिवसही मांड.

'चॉकलेटने झालं' असं लिहिलंयस ना, तेही नावच झालं. मायग्रेनच्या आदल्या दिवशी जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं असू शकतं, म्हणजे चॉकलेट कारण नसून हल्ल्याची सुरुवातच असेल. 'दुपारी 4 ला चॉकलेट, रात्री 9 ला दुखायला लागलं', एवढंच लिही, का ते नंतर बघू.

एक मात्र, मिनिटाभरात एकदम भयंकर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला किंवा तापासोबत मान ताठ झाली तर वही बाजूला ठेव आणि थेट हॉस्पिटल गाठ.

त्याच दिवशी लिही, रविवारी बसून आठवड्याचं एकदम नको, तेही मी करून बसलेय. 4 आठवड्यांनी फोटो पाठव, आणि त्यात 'सायनस' दिसलं तर मी वाचणार नाही.