जुन्या डीव्हीआरची डिस्क नव्या डीव्हीआरला ओळखता येत नाही तेव्हा

प्रश्न: पंचवटीतील दुकानाचा डीव्हीआर बंद पडला. त्यातील १ टीबीची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या नव्या डीव्हीआरला जोडली, तर Uninitialized दिसते आणि तो फॉरमॅट करायला सांगतो. मागच्या आठवड्याचे चित्रण हवे आहे. काय करावे?

उत्तर: फॉरमॅट करू नका आणि डिस्क आत्ताच काढून ठेवा. ती यादीत दिसते आहे, म्हणजे केबल आणि वीजपुरवठा ठीक आहे. अडचण नोंदींच्या मांडणीची आहे. बहुतेक कंपन्या चित्रण आपापल्या पद्धतीने डिस्कवर लिहितात आणि ती मांडणी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नाही. डिस्क संगणकाला जोडली, तर विंडोजही बहुधा हेच विचारेल. तिथेही नकारच द्यावा.

फॉरमॅट बहुधा काही सेकंदांत उरकते, कारण त्यात सहसा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. खरा घात त्यानंतर होतो, कारण नवे रेकॉर्डिंग जुन्यावर लिहिले जाऊ लागते. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस वेगाने चालले, तर दिवसाला सुमारे ८६ जीबी भरतात. चुकून फॉरमॅट झालेच असेल, तर वीज लगेच बंद करा. उरलेले चित्रण डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडूनच मिळण्याची शक्यता राहते.

चित्रण वाचण्यासाठी सर्वांत योग्य यंत्र म्हणजे जुना डीव्हीआरच, म्हणून तो खरोखर निकामी झाला आहे का, हे आधी तपासावे. अंबडच्या एका कारखान्यात मला असाच ‘मेलेला’ डीव्हीआर दाखवला गेला होता. डिस्क काढली की तो नीट सुरू होई आणि डिस्क जोडली की पुन्हापुन्हा रीस्टार्ट होई. डिस्क फिरू लागताना जास्त विद्युतप्रवाह ओढते, तो १२ व्होल्टच्या थकलेल्या अ‍ॅडाप्टरला पेलत नव्हता. जुन्यावर छापलेल्याच व्होल्ट आणि अँपिअरचा नवा अ‍ॅडाप्टर लावल्यावर सगळे चित्रण दिसू लागले. तुमच्याकडेही डिस्क काढून, मग अ‍ॅडाप्टर बदलून पाहा.

त्यानेही चालू झाला नाही, तर त्याच कंपनीचा आणि शक्यतो त्याच मॉडेलचा डीव्हीआर तात्पुरता मिळवा. मॉडेल वेगळे असेल, तर डिस्क वाचली जाईलच असे नाही. तो आधी डिस्कशिवाय सुरू करून सर्व चॅनेलचे रेकॉर्डिंग, मोशनचेसुद्धा, बंद करा. नंतर यंत्र बंद करून डिस्क जोडा. रेकॉर्डिंग चालू राहिले, तर डिस्क मिळताच यंत्र तिच्यावर लिहू लागते. तिथेही फॉरमॅटची सूचना आली, तर तिथेच थांबा.

चित्रण दिसले, तर तारीख आणि वेळ निवडून ते पेनड्राइव्हवर काढा. जुन्या डीव्हीआरचे घड्याळ चुकीचे असू शकते, म्हणून मागचा-पुढचा एकेक तासही घ्या. प्रत संगणकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते याची खात्री झाल्यावरच डिस्क नव्या डीव्हीआरमध्ये फॉरमॅट करा. तोपर्यंत नव्या यंत्रात दुसरी डिस्क घालावी.