मुदतवाढ मागताना शेठचा हंगाम बघ

चि. यास अनेक आशीर्वाद.

लातूरच्या आडत दुकानाच्या सॉफ्टवेअरसाठी मुदतवाढ मागायचा तुझा मसुदा वाचला. 'काही तांत्रिक अडचणींमुळे 15 सप्टेंबरऐवजी 30 सप्टेंबरपर्यंत वेळ मिळावा,' एवढंच त्यात आहे. हा मसुदा पाठवू नकोस. हे पंधरा दिवस कुठून आले, ते शेठ विचारतील आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

आधी उरलेलं काम मोज. तूच फोनवर सांगितलंस ते मी मांडलं: वजनकाटा जोडायला 6 दिवस, पट्टीची छपाई दुरुस्त करायला 3, जुनी थकबाकी आत आणायला 5, अहवालांना 6 आणि तपासणीला 6. एकूण 26 दिवस. पण आठवड्यातले सहाही दिवस तुला या कामाला मिळत नाहीत. जुन्या ग्राहकांचे फोन असतात, मध्ये गणपती आहेत. चार दिवस मिळतील असं धर. म्हणजे साडेसहा आठवडे. आज 24 ऑगस्ट, म्हणजे काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतरच संपेल. 30 तारीखही तू पाळू शकला नसतास आणि मग दुसऱ्यांदा मुदत मागावी लागली असती. पहिल्यांदा ग्राहक समजून घेतो, दुसऱ्यांदा तो दुसरा माणूस शोधायला लागतो.

आता शेठच्या बाजूनं बघ. सप्टेंबरअखेरीस नवं सोयाबीन यायला लागतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात यार्डात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मुनीम नवा प्रोग्राम शिकणार नाही. म्हणून सगळं काम मिळून एक नवी तारीख मागण्यात अर्थ नाही. हंगामाला काय लागतं ते वेगळं काढ. वजन घेणं, हमाली-तोलाई वजा करणं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी देणं, एवढंच लागतं. थकबाकी आणि अहवाल दिवाळीनंतर आले तरी दुकान अडत नाही, तोवर वही आहेच.

या पहिल्या टप्प्याला काट्याचे 6, पट्टीचे 3 आणि तपासणीतले 4 असे 13 दिवस लागतात, म्हणजे सव्वातीन आठवडे. ते 15 सप्टेंबरच्या आसपास संपतात, तरीही तारीख 20 लिही. कारण खरा धोका काट्यातच आहे. तुझ्या टेबलावरचा काट्याचा इंडिकेटर एका कंपनीचा, दुकानातला दुसरीचा. दोघांचा बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग, वेगळा असू शकतो, वजन पाठवायची रचनाही वेगळी असू शकते. वेग जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक अक्षरं येतात, ते लगेच कळतं. पण पोतं ठेवताना आकडा हलत असतो आणि तुझा प्रोग्राम तो हलता आकडाच उचलत असेल, तर पट्टीत किलो-दोन किलोचा फरक पडतो आणि तो कळतो शेतकऱ्यानं हरकत घेतल्यावर. याच आठवड्यात दुकानात जाऊन खऱ्या काट्यावर बघ. तिथून आल्यावरच तारीख पक्की कर. काटा जुळलाच नाही तर वजन हातानं भरायची सोय ठेव आणि तसं पत्रात लिही.

पत्राचा गाभा साधारण असा असू दे:

'शेठ, ठरल्याप्रमाणे 15 सप्टेंबरला पूर्ण सॉफ्टवेअर देता येणार नाही. दुकानातल्या काट्याची जोडणी मी धरली होती त्यापेक्षा मोठी निघाली आणि जुलैत हमालीच्या दरांची नवी पद्धत कामात आली. वजन आणि पट्टी 20 सप्टेंबरला देतो. 21 ते 30 सप्टेंबर हाताची पट्टी आणि संगणकाची पट्टी सोबत काढू, मुनीमजींनी रोज दोन्ही ताडून बघावं. थकबाकी 20 नोव्हेंबरला, अहवाल 5 डिसेंबरला. काटा जुळला नाही तर वजन हातानं भरायची सोय ठेवतो.'

हमालीचा बदल शेठनीच सांगितला होता, म्हणून तो नुसता नोंदव, दोष देऊ नकोस. तो बदल आला तेव्हाच तारीख लेखी पुढे न्यायला हवी होती, पुढच्या कामात ते कर.

पैशांचं स्पष्ट लिही. दुसरा हप्ता 15 तारखेला ठरला होता, तो आता सोबतच्या पट्ट्या दहा दिवस जुळल्यावर माग. स्वतःहून सूट देऊ नकोस. शेठनी विचारलं तर हंगामभर फोनवर मदत मोफत देतो म्हण, त्यांना त्याचाच उपयोग जास्त आहे.

आधी फोन कर, मग त्याच दिवशी पत्र पाठव. फोनवर 'बरं, बघू' म्हणाले तर ती मंजुरी नव्हे. व्हॉट्सॲपवर का होईना, नव्या तारखांना त्यांचा 'हो' लेखी घे. तो येईपर्यंत करारातली 15 सप्टेंबरच लागू आहे.

काट्यावर जाऊन आलास की आकडे मला कळव, मग तारखा एकदा दोघं मिळून बघू.

तुझा,
काका