सुका जवळा आणि चटणीची पाकिटं: बुरशी कुठून येते आणि भरण्याआधी काय मोजायचं

प्रश्न: «आमची यांत्रिक होडी आहे, १ जूनपासून दोन महिने बंद. मागच्या मे महिन्यात घरच्या बायकांनी जवळा उन्हात कडक वाळवून साधी पाकिटं भरली, थोड्याची चटणीही केली. जुलै संपेपर्यंत निम्मा माल बुरशीने गेला, दुकानदाराने परत पाठवला. आता सगळे म्हणतात मोठा इलेक्ट्रिक ड्रायर घ्या. घ्यावा का?»

ताई, ड्रायर घेऊ नका. निदान यंदा तरी नको. मे महिन्यातल्या कोकणातल्या उन्हाला जवळा वाळवणं जड जात नाही, तो बारीक असतो. तुमचा माल वाळवताना बिघडलेला नाही. तो भरताना आणि ठेवताना बिघडला आहे, आणि ते यंत्राने सुटणार नाही. हेच दुखणं आम्ही भोगलं आहे, म्हणून लांब लिहिते आहे. जाळीवर वाळवणं, वाळू निवडणं, माश्या राखणं हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

मूळ घोळ «कडक वाळला» या दोन शब्दांत आहे. हाताला कुडकुडीत लागणाऱ्या जवळ्यात १५ टक्के पाणी असू शकतं आणि २२ टक्केही. दुपारी उन्हातून उचललेला माल गरम असतो, वरून कोरडा असतो, दोन्ही सारखेच मोडतात. पण १५ वाला पावसाळा काढतो आणि २२ वाल्याला तीन आठवड्यांत पांढरी लव येते. आम्हाला एका कार्यालयाच्या प्रशिक्षणात «मोडून बघा, कट्ट आवाज आला की भरा, सहा महिने मुदत छापा» एवढंच शिकवलं होतं. परत आलेला माल घेऊन विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं की तुमची पाकिटं हलकी असतील. पाणी मोजण्याबद्दल एक अक्षर नाही. कोळीवाड्यातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवतात, त्यांना आवाज ऐकायला शिकवायला माणूस कशाला पाठवायचा? मोजायला शिकवलं असतं तर कितीतरी घरांचा माल वाचला असता.

तर आधी वजनाचा हिशोब. त्या दिवशी आलेल्या मालातून २० ग्रॅम ताजा, निथळलेला जवळा बाजूला घ्या. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो लागेल. हा नमुना घरच्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजा. समजा शेवटी ३.६ ग्रॅम उरलं. म्हणजे त्या मालात १८ टक्के कोरडा भाग आहे. मग १० किलो ताज्या जवळ्यात १.८ किलो कोरडा माल. त्यात १५ टक्के पाणी ठेवायचं तर १.८ भागिले ०.८५, म्हणजे साधारण २ किलो १२० ग्रॅम. २२ टक्के पाणी राहिलं तर वजन भरतं २ किलो ३१० ग्रॅम. दोघांतला फरक १९० ग्रॅम. दहा किलोच्या मालात एवढं पाणी लपून बसतं आणि बोटांना कळत नाही, काट्याला कळतं. म्हणून एक जाळी वेगळी राखा, तिच्यावर किती ताजा माल घातला ते लिहून ठेवा आणि ठरलेल्या वजनाला उतरल्याशिवाय त्या दिवसाचा माल उचलू नका.

वजन जमलं तरी लगेच पाकिटात भरायचं नाही. जाळीच्या कडेचा माल जास्त वाळतो, मधला कमी. सगळा एकत्र करून घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस सावलीत ठेवा, रोज एकदा हलवा. ओला दाणा कोरड्याला पाणी देतो आणि माल सारखा होतो. डब्याच्या आतल्या बाजूला दमट वाटलं, किंवा माल पुन्हा लवचीक झाला, तर आणखी एक ऊन द्या. सोडे करणार असाल तर हे जास्तच पाळा. सोलीव कोळंबी जाड असते. तापमान ६० अंशांच्या वर गेलं, किंवा पहिल्याच दिवशी करकरीत ऊन लागलं, तर वरची साल आवळते आणि आतलं पाणी अडकतं. डब्यात ठेवल्यावर ते दोन दिवसांत बाहेर येतं. पाकिटात गेल्यावर आलं तर बुरशी ठरलेली.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ती चाचणी. बुरशीला मालात एकूण पाणी किती याच्याशी देणंघेणं नसतं. त्यातलं मोकळं, तिला वापरता येणारं पाणी किती, यावर ती वाढते. बंद बरणीत हवेची आर्द्रता बघितली की ते मोकळं पाणी कळतं. अर्धा लिटरची काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या, पाऊण भाग मालाने भरा आणि वर एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, घड्याळासारखं मिळतं ते. झाकण लावून २४ तास सावलीत, एकसारख्या गारव्याच्या जागी ठेवा. मग काचेतूनच आकडा वाचा, झाकण उघडू नका. ६० किंवा खाली असेल तर माल भरा. ६० ते ६५ असेल तर भरा, पण जवळच्या बाजारात लवकर संपवा. ६५ च्या वर असेल तर परत उन्हात. ७० च्या वर गेलेला माल पाकिटात गेला की बुरशी फक्त वेळेची वाट बघते.

स्वस्त मापक पाच-सहाने चुकतं, म्हणून वापरण्याआधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतपत भिजेल एवढेच थेंब पाणी घाला, विरघळवू नका. ते बूच आणि मापक रिकाम्या बरणीत बंद करून रात्रभर ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दिसलं तर तुमचं मापक पाचने जास्त दाखवतं, प्रत्येक वाचनातून पाच वजा करा. दर हंगामाच्या सुरुवातीला हे पुन्हा करा.

याच ७५ मुळे पावसाळ्यात खारवलेला बांगडा आपोआप पाझरतो. हवेची आर्द्रता ७५ च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. माझं मत विचाराल तर पाकिटाचा धंदा बांगडा-तारलीने सुरू करू नका. तेलकट मासळी लवकर खवट होते. शिवाय बोटीवर बर्फ कमी पडला तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं, ते वाळवून किंवा तळून जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. कुणी वर्षानुवर्षं करत असेल तर त्यांना शिकवायला जाणार नाही, पण नव्याने जवळा आणि सोडेच बरे.

आता साठवण. मे महिन्यात ६० च्या खाली आणलेला माल जुलैत उघड्या पिशवीतून भरायला घेतला तर तासाभरात पुन्हा ओल धरतो. तुमच्याकडे बहुधा हेही झालं असेल. म्हणून पावसाआधीच, कोरड्या दिवशी, पाच-पाच किलोच्या जाड पिशव्या बांधून झाकणाच्या पिंपात ठेवा. एका वेळी एकच पिशवी फोडा आणि ती त्याच दिवशी संपवा. विकायचं पाकीट साध्या पॉलिथिनचं नको. त्यातून ओल हळूहळू आत येते आणि वास बाहेर जातो. आतून चंदेरी थर असलेले जाड पाऊच घ्या. सील मारताना तोंडावर जवळ्याचा चुरा किंवा चटणीचं तेल राहिलं तर सील दिसतं पण धरत नाही. रोज काही पाकिटं पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडा आला तर सील मारायच्या पट्टीची उष्णता आणि पाकिटाचं तोंड दोन्ही बघा.

चटणी मात्र पावसाळ्यातच करावी, कारण भाजताना माल पुन्हा कोरडा होतो. लोखंडी कढईत एका वेळी अर्धा किलोच जवळा, मंद आचेवर, चिमटीत चुरा होईपर्यंत. चटणी बिघडते ती लसणाने. एक किलो चटणीत १०० ग्रॅम कच्चा लसूण गेला की त्याच्याबरोबर ६० ग्रॅमच्या आसपास पाणी जातं. म्हणजे चांगला १० टक्क्यांवर आणलेला माल एका झटक्यात १५-१६ वर. लसणाचे पातळ काप करून कडक वाळवा, मग कुटा. आमसूलसुद्धा ओलं टाकू नका, वाळवून पूड करा. मीठ शेवटी चव बघून, जवळा मुळात खारट असतो. सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पूर्ण गार करा. गरम भरलं तर पाकिटाच्या आत घाम सुटतो. मग चटणीचीही बरणीची चाचणी घ्या, तोच ६० चा आकडा.

चटणी खराब झाली की कारण ओळखायला शिका. पांढरी-हिरवी लव आणि कोंदट वास असेल तर पाणी राहिलं. लव नाही पण जिभेला कडवट-खवट लागतं, तर सुकं खोबरं जुनं होतं किंवा पाकिटात हवा जास्त राहिली. खोबरं वाटलं तर एक किलो जवळ्याला पावशेरच्या वर नको, जितकं जास्त तितकी मुदत कमी. आणि बुरशी आलेला माल पुन्हा भाजून विकू नका, घरीही खाऊ नका. बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष भाजूनही पूर्ण जात नाही. परत आलेला माल कोंबड्यांनाही घालू नका.

मुदत कुणाच्या सांगण्यावरून छापू नका. प्रत्येक घाण्यातली आठ-दहा पाकिटं घरातच, दुकानासारख्या जागी ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोडा, वास-चव बघा आणि बरणीत घालून आकडा लिहा. पहिल्या पावसाळ्यात तीन महिन्यांच्या वर छापायची हिंमत मी तरी करणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडंच, मी त्यातली जाणकार नाही. घरगुती प्रमाणावर एफएसएसएआयची साधी नोंदणी लागते, अर्ज ऑनलाइन होतो, उलाढालीची मर्यादा अर्जाच्या वेळी तिथेच वाचा. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हातात येईपर्यंत छापील पाऊच मागवू नका. कोरे पाऊच घ्या आणि स्टिकर लावा. स्टिकरवर चौकटीतला तपकिरी त्रिकोण हवा, पूर्वी तिथे गोल असायचा. घाण्याचा क्रमांक, भरल्याची तारीख, निव्वळ वजन आणि कमाल किंमतही हवी. ॲलर्जीच्या सूचनेत जवळ्यासाठी नुसतं «मासे» लिहून चालत नाही. तो कोळंबीच्या जातीचा, कवचधारी आहे, तसंच लिहा. काहींना मासा चालतो पण कोळंबीने घसा सुजतो.