पहिल्या दोन तासांतला सीटी: एकाच मेंदूकडे दोनदा बघा

"मी सिंधुदुर्गात ग्रामीण रुग्णालयात एमओ आहे. रात्री रेडिओलॉजिस्ट नसतो. गेल्या महिन्यात पॅरालिसिसचे दोन पेशंट आले. प्लेन सीटीत ब्लीड नव्हतं म्हणून मी नॉर्मल धरला. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत दोघांनाही मोठा इन्फार्क्ट. पहिल्या सीटीत काही दिसायला हवं होतं का? ते शोधायचं कसं?"

काही वेळा खरंच काही दिसत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत सीटी कोरा असला तरी स्ट्रोक असू शकतो, आणि तेव्हा निदान हातापायावरूनच करायचं. पण माझ्या अनुभवात 'नॉर्मल' म्हणून गेलेल्या बऱ्याच सीटींत खूण होती, ती चुकीच्या विंडोत शोधली गेली होती. माझ्या हातूनही हे झालंय, ते पुढे सांगतो.

आधी एक केस. मालवणकडचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, सकाळी सव्वासहाला रापण ओढताना वाळूत बसले ते उठलेच नाहीत. मुलगा सांगत होता, "हात हलणा नाय, तोंड वाकडा झाला." डावी बाजू लुळी, मान आणि नजर उजवीकडे वळलेली. म्हणजे उजवी मिडल सेरेब्रल धमनी संशयित, हे सीटीच्या आधीच ठरलं होतं. रापण ओढताना पडल्याचं दहा जणांनी पाहिलेलं, त्यामुळे वेळेचा वाद नव्हता. सीटी झाला आठ वाजून पाच मिनिटांनी.

टेक्निशियनने नेहमीप्रमाणे W 80 L 40 वर, म्हणजे विंडोची रुंदी 80 आणि मध्य 40 ठेवून, फिल्म लावली. ब्लीड नाही. त्या विंडोत मेंदू दोन्हीकडे सारखाच करडा दिसत होता.

आता हे का होतं ते बघा. सीटीत घनता एचयूमध्ये मोजतात: ग्रे मॅटर साधारण 35 ते 40 एचयू, व्हाइट मॅटर 25 ते 30. व्हाइटमध्ये चरबी जास्त, म्हणून ते काळपट. रक्त थांबलं की ग्रे मॅटर बाहेरून पाणी ओढून घेतं आणि त्याचं एचयू उतरतं. ऊतकातलं पाणी 1 टक्का वाढलं की साधारण अडीच एचयू कमी होतात. म्हणजे ग्रे मॅटर व्हाइटच्या पातळीला येतं आणि दोघांमधली सीमा पुसली जाते. आपण 'काळा डाग' शोधत बसतो आणि तिथे डाग नसतोच, फक्त लुगड्याच्या काठाचा रंग उतरलेला असतो.

या रुग्णात डाव्या इन्सुलाच्या कॉर्टेक्सचं एचयू 36 आलं आणि उजव्याचं 30. फरक सहाचा. W 80 च्या विंडोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी 80 एचयूची असते, त्यात सहा म्हणजे साडेसात टक्के. सकाळच्या उजेडात, हाताने धरलेल्या फिल्मवर ते डोळ्याला कळणार नाही. मी W 35 L 35 केलं. आता तोच सहाचा फरक पट्टीच्या सतरा टक्के झाला, आणि उजवीकडची इन्सुलर रिबन, म्हणजे इन्सुलाच्या कडेने जाणारी ती करडी-पांढरी पट्टी, समोरच्या बाजूशी तुलना करताच नाहीशी झालेली दिसली. आतल्या बाजूला उजवं लेंटिफॉर्म न्यूक्लियसही धूसर: डावीकडे 37, उजवीकडे 31.

या दोन जागा आधी का, हे समजलं तर पाठ करावं लागत नाही. लेंटिफॉर्मला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या थेट एम-वनमधून, म्हणजे मिडल सेरेब्रलच्या पहिल्या भागातून, निघतात आणि पुढे कुणालाच जोडलेल्या नसतात. मूळ बंद झालं की दुसरीकडून पुरवठा नाही. इन्सुला दोन्ही शेजारच्या धमन्यांच्या कोलॅटरलपासून सगळ्यात लांब पडतो. गुठळी त्या बारीक धमन्यांच्या पुढे असेल तर लेंटिफॉर्म शाबूत राहतं आणि इन्सुला जातो, त्यावरून गुठळी कुठे असेल याचाही अंदाज येतो.

इथे एक खाच आहे, आणि तिथेच बरेच जण अडखळतात. विंडो अरुंद केली की धमनी बघता येत नाही. W 35 L 35 मध्ये साडेबावन्नच्या वरचं सगळं एकसारखं पांढरं होतं. नेहमीचं रक्त आणि गुठळी दोन्ही चमकायला लागतात. म्हणून एकाच मेंदूकडे दोनदा बघायचं: ऊतकासाठी अरुंद विंडो आणि 5 मिमीचे जाड स्लाइस, कारण पातळ स्लाइसवर गोंगाट इतका असतो की सहा एचयू त्यात बुडतात. धमनीसाठी पुन्हा W 80 किंवा 100, L 40, आणि 1 ते 1.25 मिमीचे पातळ स्लाइस. जाड स्लाइसमध्ये तीन मिमीची धमनी शेजारच्या काळ्या सीएसएफमध्ये मिसळून फिकी होते. धमनी आणि इन्सुला एकाच स्लाइसवर मिळणारही नाहीत. एम-वन सुप्रासेलर सिस्टर्नच्या पातळीला, पंचकोनी काळ्या आकृतीच्या बाजूला, आणि इन्सुला-लेंटिफॉर्म त्याच्या वर.

पातळ स्लाइसवर उजवा एम-वन पांढऱ्या दोरीसारखा दिसला. पण नुसतं 'पांढरं दिसतंय' याला मी काही अर्थ देत नाही. या माणसाचं हिमोग्लोबिन 17.8, पीसीव्ही 54. सगळं रक्तच दाट. आरओआय, म्हणजे एचयू मोजायचा गोल, धमनीच्या आत मावेल इतका लहान ठेवून मोजलं: उजवीकडे 68, डावीकडे 50. पुस्तकात 43 एचयूच्या वर आणि समोरच्या बाजूच्या 1.2 पटीपेक्षा जास्त असे दोन्ही निकष एकत्र दिलेले असतात. नुसता 43 चा आकडा धरला असता तर चांगली डावी धमनीही बंद ठरवली असती. 68 भागिले 50 म्हणजे 1.36. ते खरं. बॅसिलर आणि व्हीनस सायनसही त्या दिवशी थोडे उजळ होते, पण दोन्हीकडे सारखे. दाट रक्त सगळ्या नळ्या उजळवतं, गुठळी एकाच ठिकाणी एकच.

याउलट रक्तक्षयाचा पेशंट आला की आकडा खाली सरकतो. चांगलं रक्त 30 वर आणि गुठळी 45 वर. तिथे डोळ्यापेक्षा गुणोत्तर विश्वासाचं.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. भिंतीवरचं कॅल्शियम सर्वांत नेहमीचं, विशेषतः मधुमेह्यांत. ते बहुतेक शंभरच्या वर जातं, कडेला चिकटलेलं असतं आणि नळीभर पसरत नाही. दुसरं म्हणजे डोकं तिरकं. पेशंट अस्वस्थ, मान वळलेली, मग एका स्लाइसवर उजवा एम-वन येतो आणि डावा पुढच्या स्लाइसवर. एकाच स्लाइसवर तुलना केली की एकीकडे 'गुठळी' आणि दुसरीकडे काहीच नाही. कन्सोलवर रिफॉर्मॅट करून डोकं सरळ करायला दोन मिनिटं लागतात, ती घालवा. तिसरं, जुन्या इन्फार्क्टच्या बाजूची धमनी. भोवती काळं म्हणून ती उजळ भासते. तिथे मेंदू आक्रसलेला आणि खोबण्या रुंद असतात. ताज्या स्ट्रोकमध्ये खोबण्या उलट चिमटल्या जातात.

माझी चूक याच जातीची. काही वर्षांपूर्वी, रात्री साडेअकरा, एका सेंटरमधून मोबाइलवर फिल्मचा फोटो आला. वीस चित्रांची एक फिल्म, लाइट बॉक्सवर, थोडी चमक मारलेली. मी 'नो ब्लीड, नॉर्मल' लिहून झोपलो. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या डाव्या पॅरायटल भागात स्पष्ट इन्फार्क्ट. कन्सोलवर जुने पातळ स्लाइस उघडले तेव्हा डाव्या सिल्व्हियन खोबणीत एक पांढरा ठिपका होता. एम-टूची गुठळी, आडवी कापलेली म्हणून ठिपका. लागोपाठच्या दोन स्लाइसवर. फोटोत तो एका पिक्सेलएवढाही नव्हता. तेव्हापासून मी फिल्मच्या फोटोवर मत देत नाही. टेक्निशियनला सांगतो, कन्सोलवर W 35 L 35 कर आणि स्क्रोल करतानाचा व्हिडिओ पाठव, मग पातळ स्लाइस W 80 वर परत एकदा. दोन व्हिडिओ, तीस-तीस सेकंदांचे. तुम्हीही जवळच्या रेडिओलॉजिस्टला हेच पाठवा. टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा की पातळ स्लाइस रिकन्स्ट्रक्ट कर आणि रॉ डेटा पुसू नकोस.

आता या खुणांवरून काय ठरवायचं. उजळ धमनी सांगते की आत्ता गुठळी आहे. पुसलेली सीमा सांगते की किती ऊतक आधीच गेलंय. या दोन वेगळ्या बातम्या आहेत. गुठळी दिसली म्हणजे इन्फार्क्ट पूर्ण झाला असं नाही, आणि ती दिसली म्हणून कुणी इंजेक्शन नाकारत नाही. नुकसान मोजायला अ‍ॅस्पेक्ट स्कोअर घ्या: मिडल सेरेब्रलच्या क्षेत्राचे दहा भाग, दहापासून सुरुवात, बिघडलेल्या प्रत्येक भागाला एक वजा. या रुग्णात इन्सुला आणि लेंटिफॉर्म गेलेले, शंकास्पद कॉर्टेक्स मी मोजला नाही, म्हणजे आठ. शंका असलेला भाग मोजू नका, नाहीतर स्कोअर उगाच पडतो. मोठा भाग ठसठशीत काळा दिसत असेल आणि नातेवाईक 'तासाभरापूर्वी' म्हणत असतील, तर वेळ पुन्हा विचारा. तेवढा काळेपणा तासाभरात येत नाही. बहुतेक वेळा माणूस झोपेतून उठला तेव्हाच हात लुळा होता, असं निघतं.

रक्तदाब 196/104 होता. लॅबेटालॉलने 185/110 च्या खाली आणला आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन दिलं, लक्षणं सुरू होऊन दोन तास पन्नास मिनिटांनी. मर्यादा साडेचार तासांची, त्यामुळे हातात वेळ होता. तरी गुठळी पातळ स्लाइसवर मोजली तेव्हा 11 मिमी निघाली. 8 मिमीपेक्षा लांब गुठळी शिरेतल्या औषधाने क्वचितच विरघळते. म्हणून उतार पडतो का याची वाट बघत बसलो नाही. इंजेक्शन चालू असतानाच 108 बोलावली आणि गोव्याला, जिथे थ्रॉम्बेक्टॉमी होते तिथे, फोन केला. फोनवर 'उजवा एम-वन, 11 मिमी, अ‍ॅस्पेक्ट आठ, सव्वासहा' एवढं सांगितलं, पलीकडच्या डॉक्टरांनी दुसरं काही विचारलं नाही.

त्यांच्याकडचा दुसऱ्या दिवशीचा सीटी मी मागवून पाहिला. उजव्या एम-वनची दोरी गेलेली. लेंटिफॉर्म आणि इन्सुला काळे झालेले, म्हणजे सकाळी दिसलं तेवढंच. वरचा कॉर्टेक्स राहिला. तीन महिन्यांनी मुलगा दवाखान्यात आला तेव्हा म्हणाला, बाबा चालतात, डाव्या मुठीत अजून ताकद नाही, रापणीला जात नाहीत, जाळी दुरुस्त करत बसतात.

तुमच्या दोन्ही पेशंटचे पातळ स्लाइस कन्सोलवर अजून असतील तर उघडा, आधी अरुंद विंडो, मग रुंद. काही सापडलं तर आकडे इथे टाका, दोन्ही बाजूंचे.